मोबाईल रिचार्जचा दिवसाचा खर्च : तुलनेचा तक्ता आणि तो कसा वाचावा

खडेबाजारातल्या कुठल्याही मोबाईलच्या दुकानात उभे राहिले की भिंतीवर आकड्यांची माळ दिसते. १८९, २९९, ३१९, ३४९, ८५९, ३५९९. खाली बारीक अक्षरात दिवस आणि जीबी. ज्येष्ठ सभासद बहुधा "तीनशेवाला मारा" म्हणून मोकळे होतात. तीनशेचा रिचार्ज महिनाभर चालतो असे धरले जाते, पण तो चालतो २८ दिवस. हा तक्ता त्यासाठी आहे.

बँकेत असताना ठेवीदार आम्हाला विचारायचे की ३३३ दिवसांची ठेव बरी की ४४४ दिवसांची. त्यांना हाती येणारी रक्कम सांगून उपयोग नसतो, कारण दिवस वेगळे आहेत. दोन्ही ठेवी वार्षिक दरावर आणल्या की उत्तर समोर येते. रिचार्जचेही तसेच आहे. किंमत आणि मुदत दोन्ही बदलत असतील तर नुसत्या किमतींची तुलना करताच येत नाही. किमतीला दिवसांनी भागायचे, मग एकच आकडा उरतो : एका दिवसाचे किती पैसे.

खालच्या तक्त्यात मुख्यतः जिओचे प्लॅन घेतले आहेत. तीच कंपनी सगळ्यात चांगली म्हणून नव्हे, तर एकाच कंपनीचे प्लॅन शेजारी ठेवले की मुदतीचा परिणाम स्वच्छ दिसतो म्हणून. शेवटच्या दोन ओळी एअरटेलच्या आहेत, त्या का ते पुढे सांगितले आहे. नेटसह असलेल्या प्लॅनचे दर ३ जुलै २०२४ च्या दरवाढीनंतरचे आहेत आणि फक्त बोलण्याच्या प्लॅनचे दर जानेवारी २०२५ मधले. रिचार्ज करण्याआधी आपल्या नंबरावर आज कोणता दर दिसतो ते पाहून पहिले दोन रकाने बदलून घ्यावेत. उरलेले रकाने आपोआप बदलतात.

| प्लॅन (रु.) | मुदत (दिवस) | नेट | एकूण नेट (जीबी) | दिवसाचा खर्च (रु.) | ३६५ दिवसांचा खर्च (रु.) |
|---|---|---|---|---|---|
| १८९ | २८ | एकूण २ जीबी | २ | ६.७५ | २,४६४ |
| २९९ | २८ | रोज दीड जीबी | ४२ | १०.६८ | ३,८९८ |
| ३४९ | २८ | रोज २ जीबी | ५६ | १२.४६ | ४,५४९ |
| ५७९ | ५६ | रोज दीड जीबी | ८४ | १०.३४ | ३,७७४ |
| ७९९ | ८४ | रोज दीड जीबी | १२६ | ९.५१ | ३,४७२ |
| ८५९ | ८४ | रोज २ जीबी | १६८ | १०.२३ | ३,७३३ |
| ३५९९ | ३६५ | रोज अडीच जीबी | ९१२.५ | ९.८६ | ३,५९९ |
| ४४८ | ८४ | नाही | ० | ५.३३ | १,९४७ |
| १७४८ | ३३६ | नाही | ० | ५.२० | १,८९९ |
| एअरटेल ४६९ | ८४ | नाही | ० | ५.५८ | २,०३८ |
| एअरटेल १८४९ | ३६५ | नाही | ० | ५.०७ | १,८४९ |

ज्यांना संगणकावर किंवा फोनवर स्वतःचा तक्ता करायचा आहे त्यांनी B रकान्यात किंमत, C मध्ये दिवस घालावेत आणि पुढच्या दोन रकान्यांत ही सूत्रे टाकावीत :

```
=ROUND(B2/C2,2)
=ROUND(B2/C2*365,0)
```

आता तक्ता वाचू. रोज २ जीबीच्या दोन ओळी शेजारी ठेवा. ३४९ चा दिवसाला १२.४६ पडतो, ८५९ चा १०.२३. तेवढेच नेट, तेवढेच बोलणे, फरक दिवसाला सव्वादोन रुपयांचा आणि वर्षाला आठशेच्या वर. दीड जीबीतही असेच आहे, फरक थोडा कमी. २८ दिवसांचा रिचार्ज हाताला हलका वाटतो, पण वर्षाला तो बारा वेळा नाही, तेरा वेळा करावा लागतो. तेर अठ्ठावीस तीनशे चौसष्ट. तो तेरावा हप्ता कोणाच्याच महिन्याच्या हिशेबात नसतो.

ग्राहकांच्या तक्रारी होत्या म्हणूनच ट्रायने जानेवारी २०२२ मध्ये आदेश काढला की प्रत्येक कंपनीने निदान एकेक प्लॅन ३० दिवसांचा आणि एकेक प्लॅन दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारा ठेवलाच पाहिजे. त्यातून आलेला जिओचा कॅलेंडर महिन्याचा प्लॅन जुलै २०२४ नंतर ३१९ रुपयांना मिळू लागला, रोज दीड जीबी. दुकानात २९९ आणि ३१९ शेजारी दिसले तर कोणीही २९९ उचलील. पण २९९ तेरा वेळा म्हणजे ३,८८७ आणि ३१९ बारा वेळा म्हणजे ३,८२८. दिवसाला अनुक्रमे १०.६८ आणि १०.४९. वीस रुपयांनी महाग दिसणारा प्लॅन वर्षात स्वस्त पडतो. वरच्या तक्त्यात तो घेतला नाही, कारण त्याची मुदत महिन्यागणिक बदलते : ३१ दिवसांच्या महिन्यात तो दिवसाला १०.२९ पडतो आणि २८ दिवसांच्या फेब्रुवारीत ११.३९. अशा प्लॅनला नेहमी बाराने गुणून ३६५ ने भागावे, एका महिन्यावरून अंदाज बांधू नये. पेन्शन ठरावीक तारखेला जमा होणाऱ्यांना त्याची आणखी एक सोय आहे. तारीख सरकत नाही.

मुदतीत केलेला बदल किंमत लपवतो, याची दोन उदाहरणे अलीकडचीच आहेत. बीएसएनएलचा १०७ रुपयांचा प्लॅन ३५ दिवसांचा होता, २०२५ मध्ये तो २८ दिवसांचा झाला. किंमत तीच. दिवसाचा खर्च मात्र ३.०६ वरून ३.८२ वर गेला, म्हणजे थेट पंचवीस टक्के वाढ. भिंतीवरचा आकडा न बदलल्यामुळे बऱ्याच जणांच्या ते ध्यानातही येत नाही. (या प्लॅनमध्ये बोलण्याची मिनिटे मोजकी आहेत, म्हणून वरच्या तक्त्यातल्या अमर्याद बोलण्याच्या प्लॅनशी त्याची थेट तुलना करू नये.) दुसरे उदाहरण उलट दिशेचे. जानेवारी २०२५ मध्ये जिओने फक्त बोलण्याचा वर्षाचा प्लॅन १,९५८ रुपयांना आणला आणि लगेचच त्याच्या जागी १,७४८ चा दिला. दोनशे दहा रुपयांची कपात, जवळजवळ अकरा टक्के, म्हणून आनंद झाला. पण मुदत ३६५ वरून ३३६ दिवसांवर आली. दिवसाचा खर्च ५.३६ होता तो ५.२० झाला. खरी कपात तीन टक्के.

नेटच्या रकान्याबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण इथे दिवसाचा खर्चही एकटा पुरत नाही. किंमत भागिले जीबी असा हिशेब करून "आमचा जीबी चार रुपयांना पडतो" असे सांगणारे भेटतात. ३५९९ चा हिशेब तसाच येतो, जीबीला ३.९४. २९९ चा येतो ७.१२. आणि १८९ चा साडेचौऱ्याण्णव रुपये! या रीतीने १८९ चा प्लॅन म्हणजे शुद्ध लूट ठरेल. पण ज्यांचे घरी वायफाय आहे आणि बाहेर फक्त व्हॉट्सअॅप पाहिले जाते, अशा एखाद्या आजोबांचा मोबाईल नेटचा वापर २८ दिवसांत दीड-पावणेदोन जीबीवर जात नाही. त्यांनी २९९ चा प्लॅन घेतला तर ४२ जीबीपैकी चाळीस वाया जातात आणि वापरलेला जीबी पावणेदोनशे रुपयांच्या आसपास पडतो. रोजचा कोटा रात्री बारा वाजता संपतो आणि न वापरलेला भाग दुसऱ्या दिवसात मिळत नाही. तेव्हा "एकूण नेट" हा रकाना छापील आहे, आपल्या हाती येणारा नव्हे.

म्हणून प्लॅन निवडण्यापूर्वी एक आकडा हवा : आपण खरोखर किती वापरतो. फोनच्या सेटिंग्जमध्ये मोबाईल डेटाचा वापर महिन्याच्या हिशेबाने दिसतो, वायफायचा वापर तिथे वेगळा असतो. दोन-तीन महिन्यांचे आकडे पाहावेत, एकाच नव्हे. गणपतीत नातवंडे घरी असतात, सगळे फोन त्यांच्या हातात असतात, तो महिना धरला तर हिशेब फुगतो. मिळालेल्या आकड्याला तीसने भागले की रोजची सरासरी येते.

लहान प्लॅन घेऊन एखाद्या महिन्यात नेट कमी पडले तर काय? १८९ आणि २९९ मध्ये ११० रुपयांचे अंतर आहे. जुलै २०२४ च्या दरपत्रकात ६ जीबीचा जादा पॅक ६९ रुपयांना होता. तो एकदा घेतला तरी १८९ अधिक ६९ मिळून २५८ होतात, दिवसाला ९.२१, अजूनही २९९ पेक्षा कमी. दर वेळी दोन पॅक लागू लागले तर ३२७ होतात आणि मग २९९ चाच घ्यावा. जादा पॅक घेताना मात्र त्याची मुदत मूळ प्लॅनइतकी आहे की स्वतंत्र आणि तोकडी, हे वाचून घ्यावे. या अटी कंपन्या वरचेवर बदलतात.

नेट मुळीच नको असणाऱ्यांची अडचण बरीच वर्षे तशीच होती. साधा फोन वापरणाऱ्यालाही नेटसह प्लॅनच घ्यावा लागे. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने नियमात दुरुस्ती करून प्रत्येक कंपनीला फक्त बोलणे आणि एसएमएस यांचा निदान एक रिचार्ज ठेवणे बंधनकारक केले, आणि अशा रिचार्जची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांवर नेली. तक्त्यातल्या शेवटच्या चार ओळी त्यातून आल्या आहेत. हे प्लॅन दुकानातल्या भिंतीवर सहसा ठळक लावलेले नसतात, नाव घेऊन मागावे लागतात. आणि इथे एक तांत्रिक गोष्ट आडवी येते : जिओचे सिम जुन्या टूजी बटनवाल्या फोनमध्ये चालत नाही, त्याला फोरजीचा फोन लागतो. जुना फोन चालू ठेवायचा असेल तर त्याला टूजी सेवा असलेली कंपनीच लागेल. एअरटेलच्या दोन ओळी तक्त्यात आहेत त्या याच कारणाने.

आता एक घर घेऊन सगळा हिशेब लावून पाहू. हे घर नमुन्याचे आहे, पण आपल्याकडच्या पुष्कळ घरांसारखे. आजी, आजोबा, बाजारात दुकान चालवणारा मुलगा आणि कॉलेजला जाणारी नात. रिचार्ज मुलगा करतो आणि सोपे म्हणून चौघांनाही ३४९ चा मारतो. आजीचे सिम एअरटेलचे, बाकी तिघांचे जिओचे. दोन्हीकडे ३४९ ला २८ दिवस मिळतात. चौघांचा मिळून दिवसाचा खर्च ४९.८४, वर्षाचा १८,१९६.

आजीकडे जुना बटनवाला फोन आहे, ती फक्त बोलते. तिला एअरटेलचा १८४९ चा पुरतो, दिवसाला ५.०७. आजोबांकडे स्मार्टफोन आहे, घरी वायफाय आहे, बाहेर पडले तर वाचनालयापर्यंत. त्यांना १८९, दिवसाला ६.७५. मुलगा दिवसभर दुकानात असतो, यूपीआय आणि व्हॉट्सअॅपवर ऑर्डरी. त्याच्या फोनमध्ये महिन्याला पस्तीस जीबी दिसतात, म्हणजे रोज सव्वा जीबीच्या जरा कमी. त्याला ७९९, दिवसाला ९.५१. नातीला मात्र दीड जीबीवर आणू नये. तिचा फोन फाईव्हजी आहे आणि जुलै २०२४ पासून जिओने अमर्याद फाईव्हजी रोज २ जीबी किंवा त्यावरच्या प्लॅनलाच ठेवले. बहात्तर पैसे वाचवायला जाऊन तिची सगळी सोय जाईल. तिला ८५९, दिवसाला १०.२३.

बेरीज ३१.५६. दिवसाला सव्वाअठरा रुपये वाचले, वर्षाला सहा हजार सहाशेच्या वर, आणि कोणाचेही नेट किंवा बोलणे कमी झाले नाही.

३५९९ चा वर्षाचा प्लॅन नातीला का दिला नाही, असे कोणी विचारील. दिवसाला ९.८६ म्हणजे ८५९ पेक्षा सदतीस पैशांनी स्वस्त आणि वर अर्धा जीबी जास्त. हिशेब बरोबर आहे. पण सगळे पैसे आधी भरावे लागतात, आणि बँकेत आयुष्य गेल्यामुळे आम्हाला तिथे व्याज दिसते. वर्षभरात सरासरी निम्मी रक्कम, अठराशे रुपये, कंपनीकडे पडून असते. ८५९ मध्ये सरासरी चारशे तीस. फरक १,३७० रुपये, त्यावर सात टक्क्यांनी वर्षाला शहाण्णव रुपये, दिवसाला सव्वीस पैसे. सदतीसमधले उरले अकरा. शिवाय नात पुढच्या वर्षी शिकायला पुण्याला गेली आणि तिथल्या खोलीत रेंजच नसली तर कंपनी बदलताना उरलेले दिवस बुडतात. वर्षाच्या प्लॅनची एक बाजू मात्र मान्य करायला हवी. जुलै २०२४ च्या दरवाढीआधी ज्यांनी २,९९९ भरले होते त्यांना तोच प्लॅन पुढे वर्षभर जुन्याच दरात मिळाला, बाकीच्यांना ३,५९९. आजीच्या बाबतीत फोन, घर, रेंज काहीच बदलणार नाही, म्हणून तिला वर्षाचा दिला.

पोस्टपेड वापरणाऱ्यांनी तुलना करताना एवढे पाहावे की प्रीपेडच्या छापील किमतीत जीएसटी धरलेला असतो आणि पोस्टपेडच्या जाहिरातीतल्या किमतीत नसतो. ३४९ चे पोस्टपेड बिल अठरा टक्के कर लागून ४११.८२ होते. बारा महिन्यांचे करून ३६५ ने भागले की दिवसाला १३.५४.

काटकसर करताना नंबर मात्र जाऊ देऊ नये. पेन्शनच्या खात्याला, गॅसला, आधारला जोडलेला नंबर बंद पडला की ओटीपी येत नाही आणि मग शाखेत खेटे घालावे लागतात. ट्रायच्या नियमानुसार सलग ९० दिवस काहीच वापर झाला नाही तर नंबर बंद केला जाऊ शकतो. प्रीपेड खात्यात वीस रुपये किंवा जास्त शिल्लक असेल तर ती वापरून नंबर आणखी राखता येतो. पण ही सोय नंबर आपल्या नावावर राहावा एवढ्यापुरती आहे. प्लॅन संपल्यावर फोन लागतील आणि येतील असा तिचा अर्थ नाही. कपाटातल्या दुसऱ्या सिमला बँक जोडलेली असेल तर तक्त्यात त्याचीही एक ओळ धरा, किंवा बँकेत जाऊन नंबर बदलून घ्या आणि ते सिम सोडून द्या.

सीमाभागातल्या आपल्यासारख्यांसाठी एक गोष्ट राहिली. पूर्वी निपाणीच्या पुढे कोगनोळी ओलांडून कागलकडे निघाले की फोनवर महाराष्ट्राचे नेटवर्क यायचे आणि रोमिंगचे पैसे कापले जायचे. तेव्हा हा तक्ता केला असता तर रोमिंगचा एक रकाना लागला असता. आता अमर्याद बोलण्याच्या प्लॅनमध्ये देशभरातले रोमिंग धरलेले असते, त्यामुळे कोल्हापूरच्या फेऱ्यांचा हिशेब वेगळा करायला नको. मात्र कंपन्यांच्या यादीत कर्नाटक आणि महाराष्ट्र-गोवा ही मंडळे वेगळी आहेत, आणि काही लहान प्लॅन मंडळानुसार वेगळे असू शकतात. कोल्हापूर किंवा सांगलीत घेतलेले सिम बेळगावात वापरणाऱ्याने इथल्या दुकानातल्या भिंतीवरचा दर धरू नये. अॅपमध्ये आपला नंबर घालून जो दर दिसेल तोच तक्त्यात भरावा.

कंपनी बदलून दिवसाचा खर्च कमी होत असेल तर जुना नंबर सोडावा लागत नाही. जुलै २०१५ पासून तो देशात कुठेही, दुसऱ्या मंडळातसुद्धा, नेता येतो. `PORT` लिहून एक जागा सोडून आपला दहा आकडी नंबर लिहावा आणि `1900` वर एसएमएस करावा. उलट एक कोड येतो, तो घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात ओळखपत्रासह जावे. हे चालू प्लॅनची मुदत संपत आली असताना करावे, कारण जुन्या कंपनीकडचे उरलेले दिवस नव्या कंपनीत मिळत नाहीत. आधी शेजाऱ्याच्या किंवा पाहुण्याच्या त्या कंपनीच्या फोनवरून आपल्या स्वयंपाकघरात आणि मागच्या खोलीत उभे राहून बोलून पाहावे. गल्लीतल्या जुन्या जाड भिंतींच्या घरांत दारात रेंज असते आणि आत नसते.